पहिल्या डावाची रनांची लाइन कशी तपासायची : वीस ओव्हरच्या सामन्यासाठी पायरीपायरीने

लाइन म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधी मांडलेला एक आकडा, समजा १५१.५. डाव त्याच्या वर जाईल की खाली राहील, एवढंच ठरवायचं. अर्धा रन लावलेला असतो तो बरोबरी होऊ नये म्हणून. प्रश्न सोपा दिसतो, आणि म्हणूनच बहुतेक जण तो चुकीच्या टोकाकडून सोडवायला घेतात. आधी लाइन पाहतात, मग "एवढे तर आरामात होतील" म्हणतात आणि नंतर त्याला साजेशी कारणं गोळा करतात. खरं तर लाइन सगळ्यात शेवटी पाहायची. आपला आकडा आधी कागदावर हवा.

इथे फक्त वीस ओव्हरचा सामना आणि फक्त पहिला डाव घेतला आहे. उदाहरण परभणीकडच्या काळ्या मातीच्या मैदानावरचं, लेदर बॉलच्या स्पर्धेचं आहे. त्यातले स्कोअर हिशेब दाखवण्यापुरते घेतलेले आहेत, पद्धत मात्र आयपीएलच्या डावालाही तीच लागते. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे आणि महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा पूर्वीपासून आहे. तेव्हा हे सगळं वहीवर करायचं: अंदाज बांधायचा, तो जुळतो का पाहायचं. कॅप्टनला "इथे किती रन पुरतील" हे ठरवायलाही हाच हिशेब कामी येतो.

## १. लाइन नेमकी कशाची आहे ते आधी वाचा

अर्धे वाद इथेच होतात. डावाच्या एकूण रनात वाइड, नो-बॉल, बाय, लेगबाय सगळं धरलेलं असतं. बॅटमधून आलेले रन वेगळे. संघ १७व्या ओव्हरला ऑलआउट झाला तरी तो डाव पूर्णच. पण पावसामुळे ओव्हर कापल्या गेल्या तर बहुतेक ठिकाणी लाइन रद्द धरतात, काही ठिकाणी ठरावीक ओव्हर झाल्या की ती चालू राहते. मित्रामित्रांत अंदाज लावत असाल तर हा नियम टॉसच्या आधी बोलून घ्या. नंतर आभाळ भरून आलं की प्रत्येकाला आपल्या सोयीचा नियम आठवतो.

तपासा: लाइन कोणत्या संघाची आहे, की "पहिली बॅटिंग जो करेल त्याची"? दोन्हींत फरक आहे. टॉस व्हायच्या आधी संघाच्या नावावर लाइन मांडली असेल, तर तो डाव पाठलागाचाही निघू शकतो. पाठलाग टार्गेट गाठलं की थांबतो, म्हणून त्याला वरून झाकण असतं.

## २. आकडे गोळा करा, पण गाळून

त्याच मैदानावरचे, त्याच बॉलचे, तेवढ्याच ओव्हरचे आणि याच हंगामातले पहिले डाव घ्या. आठ ते बारा मिळाले तरी पुष्कळ झाले. तीस डाव हवेत म्हणून तीन वर्षं मागे गेलात तर मधल्या काळात पट्टीवर नवी माती पडलेली असते, बाउंडरीच्या दोरीची जागा बदललेली असते. मग ते जुने आकडे कागदावर त्याच मैदानाचे असले तरी प्रत्यक्षात दुसऱ्याच मैदानाचे असतात.

पुढचे डाव बाजूला काढायचे:

- पावसाने किंवा उजेडाअभावी कापलेले
- पाठलागाचे सगळे, जिंकलेले असोत की हरलेले
- टेनिस बॉलचे आणि आठ-दहा ओव्हरचे

पाठलागाचे डाव का नकोत? समोर ११८ झाले आणि या संघाने १५ ओव्हरमध्येच ११९ केले, तर तो ११९ पट्टीबद्दल काहीच सांगत नाही. पाच ओव्हर तर खेळल्याच गेल्या नाहीत. असे चार डाव यादीत शिरले की मैदान आहे त्यापेक्षा कंजूस वाटू लागतं.

फॉरमॅटची सरमिसळही इथेच टाळायची. आयपीएलमध्ये २०२३पासून इम्पॅक्ट प्लेअर आहे, म्हणजे एक जादा बॅट्समन हाताशी असतो आणि वरचे फलंदाज पहिल्या ओव्हरपासून हात मोकळे सोडतात. तिथला स्कोअर जसाच्या तसा आंतरराष्ट्रीय सामन्याला लावला की लाइन नेहमीच "कमी" वाटते. वनडेचा हिशेब तर पूर्ण वेगळा. तिथे ११ ते ४० ओव्हरमध्ये चार फिल्डर बाहेर ठेवता येतात, आणि जुलै २०२५पासून ३४ ओव्हरनंतर दोनपैकी एकच बॉल पुढे वापरतात. त्याला स्वतंत्र वही करा.

आता उदाहरण. मैदानावर या हंगामात पहिल्या डावाचे स्कोअर असे झाले, क्रम मात्र खेळल्याचा नाही:

१४१, १२८, १५६, १८७, १३३, १४९, ९८, १६२, १३८, १७१, १४४, ११८

यातला ९८ हा पावसामुळे १२ ओव्हरचा झालेला डाव. तो काढला. उरले ११.

## ३. सरासरी नको, मधला आकडा काढा

अकरा आकडे चढत्या क्रमाने लावा: ११८, १२८, १३३, १३८, १४१, १४४, १४९, १५६, १६२, १७१, १८७. मधोमध, सहाव्या जागी, १४४ येतो. याच आकड्यांची सरासरी मात्र १४८ भरते. हे चार रन आले कुठून? एका १८७ने सरासरी वर ओढली.

लाइनचा प्रश्न आहे वर की खाली. म्हणजे आपल्याला असा आकडा हवा की ज्याच्या वर निम्मे डाव आणि खाली निम्मे. तो मधला आकडा, सरासरी नव्हे. एखाद्या दिवशी कमजोर बोलिंगची धुलाई होऊन १८७ झाले काय किंवा २२० झाले काय, वर गेलेला डाव एकच मोजला जातो.

गंमत पाहा: पावसाचा ९८ चुकून यादीत राहू दिला असता तर बारा डावांची सरासरी १४४च आली असती. उत्तर बरोबर, रीत चूक. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. पुढच्या वेळी त्या झाकतीलच असं नाही, म्हणून उत्तर जुळलं तरी गाळणी तपासा.

सावधान: संघाची "मागच्या पाच सामन्यांची सरासरी" हा सगळ्यात फसवा आकडा. सनरायझर्स हैदराबादने १५ एप्रिल २०२४ला बंगळुरूत ३ बाद २८७ केले आणि २६ मे रोजी चेन्नईत फायनलला तोच संघ ११३मध्ये आटोपला. हंगाम एकच, संघही जवळपास तोच. मैदान, पट्टी आणि समोरची बोलिंग बाजूला काढून संघाचा आकडा वाचायचाच नाही.

## ४. मैदान नव्हे, पट्टी ओळखा

एका मैदानात पट्ट्या अनेक असतात आणि त्या एकसारख्या वागत नाहीत. अहमदाबादला एकाच मैदानात लाल मातीच्या आणि काळ्या मातीच्या, दोन्ही पट्ट्या आहेत. २०२३च्या वर्ल्ड कपची फायनल ज्या पट्टीवर झाली, त्याच पट्टीवर आधी भारत-पाकिस्तान सामना झाला होता. पहिल्या वेळी पाकिस्तान १९१ वर ऑलआउट, दुसऱ्या वेळी भारत २४०. "अहमदाबाद म्हणजे मोठा स्कोअर" एवढ्यावर विसंबलेला माणूस दोन्ही वेळा तोंडघशी पडला असता.

आपल्याकडे मैदानं बहुतेक काळ्या मातीचीच. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा हाच तो प्रकार. नीट पाणी देऊन, योग्य ओलीवर रोलर फिरवून बांधलेली काळ्या मातीची पट्टी घट्ट धरते, पण बॉल लाल मातीइतका उसळत नाही. एकेक सामना खेळला जाईल तशी ती आणखी संथ होते. बॉल बॅटवर थांबून येतो, ड्राइव्ह हवेत जातात आणि फिरकीवाल्याला सरळ बॉलवरही विकेट मिळते.

काय पाहायचं? पट्टीवर पाय ठेवायची परवानगी नसते, तेव्हा कडेला उकिडवं बसून पाहा.

भेगा दिसल्या की लोक लगेच "तुटलेली पट्टी" म्हणतात. काळ्या मातीवर बारीक जाळीसारख्या भेगा असणारच; त्यांनी काही बिघडत नाही. भेगांच्या मधली ढेपळं घट्ट बसलेली आहेत की हलतात, हे महत्त्वाचं. ते कळतं कडांवरून. भेगेची कड धारदार आणि दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर पट्टी धरून आहे. कड भुगा होऊन सुटली असेल, एक बाजू उचललेली असेल, तर बॉल कधी गुडघ्याखाली तर कधी छातीवर येणार.

मग गुड लेंग्थची जागा पाहा, स्टंपपासून साधारण सहा-सात मीटरवर. तिथे खरवडलेले ठिपके दिसतात का? बोलर फॉलो-थ्रूमध्ये जिथे पाय आपटतो तिथली माती किती उकरली आहे? हे खड्डे डावखुऱ्या बॅट्समनच्या ऑफ स्टंपबाहेर आले तर ऑफस्पिनरची चंगळ.

यापुढचं काम डोळ्यांनी होत नाही, विचारावं लागतं. पट्टी करणाऱ्या काकांना चार प्रश्न विचारा: शेवटचं पाणी कधी दिलं, रोलर कधी फिरवला, आज कोणती पट्टी आणि तिच्यावर हा कितवा सामना. "पीच कशी आहे" असं विचारू नका. त्याचं उत्तर सगळीकडे एकच असतं, "एकदम मस्त बॅटिंग पीच".

वरवर कोरडी दिसणारी पट्टी आदल्या संध्याकाळी पाणी प्यालेली असेल तर सकाळी नऊच्या सामन्यात सुरुवातीच्या ओव्हरमध्ये बॉल थोडा रुतून उठतो. हे फक्त त्या पाण्याच्या प्रश्नातूनच कळतं.

कॉयरची मॅट अंथरलेली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे उसळी मॅट किती ताणून खिळे ठोकलेत आणि खाली काय आहे यावर ठरते. मॅटचे आकडे मातीच्या पट्टीत मिसळायचे नाहीत.

उदाहरणात परतू. काकांच्या सांगण्यावरून कळलं की आज मधली पट्टी आहे, आणि तिच्यावर या हंगामातला हा सहावा सामना. वहीत शोधलं तर मधल्या पट्टीवरचे पाच डाव खेळल्या क्रमाने असे निघाले: १७१, १५६, १४९, १३३, १२८. उतार स्पष्ट आहे.

इथे मोह होतो की पुढचा आकडा १२० धरावा. तसं करू नका. पाच डावांत संघही बदललेले असतात, थोडा उतार निव्वळ योगायोगाचा असतो. शेवटच्या तीन डावांचा मधला आकडा घ्या, म्हणजे १३३, आणि तो पूर्ण मैदानाच्या १४४च्या निम्म्या वाटेवर आणा: १३८. डाव कमी असतील तेव्हा निम्मी वाट हा सुरक्षित नियम आहे. एका पट्टीचे दहा डाव हाती असते तर पट्टीच्या बाजूला आणखी झुकता आलं असतं.

## ५. संघांचा फरक, तोही निम्म्याने

आता बॅटिंग करणारा संघ. त्याचे पहिल्या बॅटिंगचे चार डाव घ्या आणि प्रत्येक डाव त्या त्या मैदानाच्या मधल्या आकड्यापेक्षा किती वर-खाली गेला ते लिहा. समजा आले +१२, +२०, −४, +८. सरासरी +९. चारच डाव आहेत, म्हणून निम्मे धरा: +४.

समोरच्या बोलिंगचंही असंच. तीन सामन्यांत त्यांनी मैदानाच्या आकड्यापेक्षा ९, ३ आणि ६ रन कमी दिले. सरासरी −६, निम्मे −३.

बेरीज +१. आकडा १३९. एवढी खटपट करून हाती एक रन लागला म्हणून हिरमुसू नका. बहुतेक सामन्यांत असंच होतं. चांगली बॅटिंग चांगल्या बोलिंगसमोर आली की एकमेकींना खाते. पण लोकांना बॅट्समनची नावं पाठ असतात, बोलरची नसतात. त्यामुळे ते फक्त +४ किंवा पूर्ण +९ धरतात आणि लाइन त्यांना सतत कमी वाटत राहते.

सावधान: अकरा जणांची यादी हाती आल्याशिवाय ही पायरी पक्की करू नका. मुख्य फिरकीवाला आज बसला असेल तर ते −३ निघून जातं.

## ६. डाव तीन तुकड्यांत कापा आणि फक्त आजची नवी माहिती घाला

१३९ला तीन भागांत वाटा: पॉवरप्लेच्या ६ ओव्हर, मधल्या ९ आणि शेवटच्या ५. वहीत प्रत्येक डावाचा सहाव्या आणि पंधराव्या ओव्हरचा स्कोअर लिहिलेला असेल तर वाटणी तिथूनच मिळते. इथे ती अशी धरू: ४२, ५४, ४३.

तुकडे करण्याचं कारण असं की पट्टी, दव, वारा, दोरी यांचा परिणाम सगळ्या डावावर सारखा नसतो. सकाळची ओल पॉवरप्लेला लागते, शेवटच्या पाच ओव्हरला तिचा पत्ताही नसतो. जवळ आलेली दोरी मात्र शेवटी जास्त कामी येते, कारण तेव्हाच बॉल हवेत जातो.

आजची नवी माहिती दोन आहे. पहिली, आधीचे पाचही सामने दुपारचे होते, आजचा सकाळी नऊचा, आणि काल संध्याकाळी पाणी दिलंय. पॉवरप्लेतून ४ कमी: ३८. दुसरी, एका बाजूला मांडव टाकल्यामुळे दोरी चार-पाच मीटर आत आली आहे. मधल्या टप्प्यात १, शेवटी २ वाढवा: ५५ आणि ४५. बेरीज १३८.

आता या पायरीवरची सगळ्यात मोठी चूक. पट्टी कोरडी, संथ, वापरलेली दिसतेय म्हणून मधल्या ओव्हरमधून पुन्हा ५-६ रन कापावेसे वाटतात. कापायचे नाहीत. ती गोष्ट चौथ्या पायरीत १४४चे १३८ करताना मोजून झाली आहे. एकच कारण दोनदा वजा केलं की आकडा हमखास खाली घसरतो, आणि गंमत म्हणजे आपण फार बारकाईने विचार केला असंच वाटत राहतं. म्हणून प्रत्येक बदलासमोर लिहा: हे आधीच्या आकड्यांत होतं का? होतं, तर हात लावू नका.

दवाचं थोडक्यात. संध्याकाळच्या सामन्यात दव बहुधा दुसऱ्या डावाला पडतं, म्हणून पहिल्या डावाच्या आकड्यात ते सहसा येत नाही. पण पहिली बॅटिंग करणाऱ्या संघाला पुढे दव येणार हे माहीत असतं. तो १५-२० रन जादा हवेत म्हणून धोका पत्करतो, कधी ते मिळतात, कधी लवकर गळतो. म्हणजे मधला आकडा फारसा हलत नाही, पसारा वाढतो.

तपासा: एका बदलाला ५ रनांपेक्षा जास्त दिले असतील तर थांबा. इतका मोठा परिणाम असायला दोरी दहा मीटर आत यावी लागते किंवा मुख्य दोन बोलर गायब हवेत.

## ७. आता लाइन उघडा, आणि डाव मोजा

आपला आकडा १३८. समोर लाइन आहे १५१.५. फरक १३.५ रन. हा मोठा की छोटा?

त्यासाठी सूत्र लागत नाही. आपला मधला आकडा १४४ होता, आज तो १३८ झाला, म्हणजे ६ खाली. म्हणून अकराही डावांतून ६ वजा करा:

११२, १२२, १२७, १३२, १३५, १३८, १४३, १५०, १५६, १६५, १८१

यातले १५१.५च्या वर किती? तीन. खाली आठ. अकरात आठ म्हणजे शंभरात ७३ वेळा डाव लाइनच्या खाली. पण आपल्या १३८मध्येही चूक असणारच, म्हणून ७३ला ६५-६८ एवढंच समजा. हे "खाली" म्हणण्यासारखं आहे.

आता लाइन १५१.५ऐवजी १४१.५ असती तर? वर पाच, खाली सहा. इथे काही बोलण्यासारखं नाही. आपला आकडा लाइनपेक्षा साडेतीन रन खाली आहे खरा, पण पहिल्या डावाचे स्कोअर मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस रन सहज पसरतात. त्या पसाऱ्यात साडेतीन रन दिसतही नाहीत. एक कॅच सुटला की संपलं.

बहुतेक सामन्यांत वहीत "काही नाही" असंच लिहावं लागेल, आणि हीच गोष्ट लोकांना जड जाते. दहा सामन्यांत सात-आठ वेळा ठाम मत निघत असेल, तर कुठेतरी एकच कारण दोनदा मोजलं जातंय.

सावधान: लाइन आपल्या आकड्यापासून २५-३० रन दूर दिसली तर खूश होऊ नका. आधी स्वतःची चूक शोधा. सामना वीस ओव्हरचाच आहे ना? पट्टी बदलली का? मॅट टाकली का? इतका फरक बहुधा आपल्याला न कळलेल्या माहितीचा असतो.

## ८. टॉसनंतर आणि सहा ओव्हरनंतर

टॉसनंतर पाचवी पायरी एकदा पुन्हा करा, बाकीच्यांना हात नको. कॅप्टन टॉसला काय बोलला यावर रन वाढवू-कमी करू नका. काकांसारखंच तोही "छान विकेट आहे" म्हणणार.

सहा ओव्हरनंतर लाइन नव्याने मांडली जाते आणि तिथे एक ठरलेली चूक होते. समजा स्कोअर १ बाद ५०. लोक रन रेट ८.३३ काढतात, वीसने गुणतात आणि १६७ सांगतात. पण पॉवरप्लेत दोनच फिल्डर बाहेर असतात, सातव्या ओव्हरपासून पाच जातात. बॉलही मऊ पडतो. पुढच्या नऊ ओव्हरचा वेग पहिल्या सहाचा नसतोच.

बरोबर रीत अशी: झालेले ५० तसेच ठेवा आणि उरलेले तुकडे आपल्या वहीतले घ्या, ५५ आणि ४५. बेरीज १५०. विकेट एकच पडली आहे, सहा ओव्हरला दीड-दोन पडतात असं धरलं तर एखादी विकेट वाचली. त्याचे ४-५ रन द्या. म्हणजे १५५च्या आसपास, १६७ नव्हे.

उलट बाजूने, स्कोअर ३ बाद ३८ असेल तर? रन बरोबर आपल्या अंदाजाइतके, म्हणून लोक १३८च धरून बसतात. पण एक विकेट जास्त गेली आहे आणि शेवटी मारायला माणसं कमी उरलीत. जादा गेलेल्या प्रत्येक विकेटमागे ६ ते ८ रन कापा. १३०-१३२. संथ पट्टीवर हा तोटा वरच्या टोकाचा धरा, कारण खालचा बॅट्समन आल्या आल्या इथे बॉल बाहेर मारू शकत नाही; त्याला बसायला आठ-दहा बॉल लागतात आणि ओव्हर संपत जातात.

पट्टीचा पुरावाही आता समोर असतो. बॅट्समन बॅकफूटवर जाऊन उशिरा खेळतायत का, स्क्वेअर लेगच्या दिशेने चुकून उडालेले बॉल दिसतायत का, कीपर फास्ट बोलरलाही दोन पावलं पुढे सरकून उभा आहे का? कीपर हा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. तो पहिल्या ओव्हरला जिथे उभा होता त्यापेक्षा चौथ्याला पुढे आला असेल तर बॉल येत नाहीये. तेव्हाच मधल्या तुकड्यातून आणखी ३-४ रन काढायला हरकत नाही, कारण ही माहिती आजची आहे.

## ९. वहीत काय लिहायचं

सामना संपल्यावर एका ओळीत: तारीख, पट्टी आणि तिच्यावरचा कितवा सामना, सामन्याची वेळ, आपला आकडा, लाइन, सहाव्या-पंधराव्या ओव्हरचा स्कोअर आणि अंतिम रन. आपण "वर" म्हटलं होतं की "खाली" की काहीच नाही, तेही.

वीस-पंचवीस ओळी झाल्या की आपला आकडा आणि झालेले रन यांतला फरक काढा. किती चुकलो यापेक्षा कोणत्या बाजूला चुकलो ते पाहा. निम्मे वर, निम्मे खाली असतील तर आकडा सरळ आहे. पंचवीसपैकी अठरा-एकोणीस वेळा डाव आपल्या आकड्याच्या वर गेला असेल, तर तुम्ही पट्टीला गरजेपेक्षा वाईट धरताय. चौथ्या पायरीत मैदानाच्या आकड्यापासून पट्टीच्या आकड्याकडे निम्म्या वाटेऐवजी एक-तृतीयांशच वाट चाला. चुका फक्त सकाळच्या सामन्यांत एका बाजूला जात असतील तर पाण्याचे ते ४ रन बदला, बाकी काही नाही.

फेब्रुवारीत सुरू झालेली स्पर्धा एप्रिलपर्यंत गेली तर वहीत मधे एक रेघ ओढा. ऊन वाढतं तसं पट्टीला दिलेलं पाणी टिकत नाही, आउटफिल्डचं गवत जळून जमीन टणक होते आणि फेब्रुवारीत दोन रनांना अडणारा फटका आता चौकार जातो. म्हणजे पट्टी संथ आणि मैदान वेगवान, दोन्ही एकदम. रेघेच्या वरचे आकडे खालच्या सामन्यांना निम्म्या वजनानेच लावायचे.